‘बघते गं’ म्हणून झालंय, आता काय?

प्रश्न : मी एकोणतीस वर्षांची आहे, ठाण्यात आईवडिलांबरोबर राहते. कॉलेजपासून आमचं चौघींचं घट्ट जमतं. त्यातल्या एकीचं लग्न 5 डिसेंबरला गोव्यात, किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये आहे. 3 तारखेच्या रात्रीच्या गाडीने निघायचं, 4 ला हळद आणि संगीत, 5 ला लग्न, 6 ला परत. नातेवाइकांच्या खोल्या मुलीकडचे करताहेत, आम्ही मैत्रिणींनी आमची खोली आमची आम्ही घ्यायची असं ठरलंय. खोलीचा वाटा आठ हजार, संगीतला तिघींचा एकसारखा लेहेंगा पाच हजार, शिवाय गाडीभाडं, आहेर, वरखर्च धरून माझा आकडा बावीस हजारांवर जातो. मे महिन्यात बाबांची बायपास झाली. विम्यातून सगळे पैसे मिळाले नाहीत, म्हणून कर्ज काढलं, त्याचा हप्ता माझ्या पगारातून जातो. ऑपरेशनचं मैत्रिणींना माहीत आहे, कर्जाचं नाही. तिने ग्रुपवर विचारलं तेव्हा मी ‘बघते गं, रजेचं विचारते’ असं लिहून सुटका करून घेतली. आई म्हणते, ऐन वेळी ‘रजा मिळाली नाही’ म्हणून सांग, कुणाला वाईट वाटणार नाही. मला मात्र तिला दुखवायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्या तारखा आहेत, फक्त महत्त्वाची एक राहिली आहे. ती म्हणजे 4 ऑक्टोबर. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. तुमची गाडी 3 डिसेंबरची, म्हणजे 4 ऑक्टोबरच्या सकाळी आठ वाजता तुमच्या दोघी मैत्रिणींपैकी कुणीतरी मोबाइल हातात घेऊन बसणार आणि तिन्ही नावं एकाच तिकिटावर घालून मोकळी होणार. डिसेंबरात कोकण रेल्वेवर किती गर्दी असते हे ठाण्याच्या माणसाला मी सांगायला नको, ती मैत्रीण काही ‘हिचं नक्की झालं की काढू’ म्हणून थांबायची नाही. त्याच आठवड्यात खोलीचे आगाऊ पैसे जातील आणि लेहेंग्याचं कापड घेतलं जाईल. म्हणजे नकार द्यायची मुदत 5 डिसेंबरला संपत नाही, ती 4 ऑक्टोबरच्या आदल्या रात्री संपते. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा सप्टेंबरचा शेवटचा आठवडा चालू असेल. म्हणजे वेळ आहे, पण विचार करत बसण्याइतका नाही.

मैत्रीण नेमकी कशाने दुखावते ते आधी पाहू. लग्नाला न आल्याने माणसं दुखावतात असं आपण धरून चालतो. माझ्याकडे या विषयावर येणाऱ्या पत्रांत उलट बाजूची, म्हणजे यजमानांची पत्रंही असतात. त्यांत ‘ती आली नाही’ ही तक्रार क्वचितच एकटी असते. ‘शेवटपर्यंत येते येते म्हणाली’, ‘दुसऱ्याकडून कळलं’, ‘आजारी आहे म्हणाली आणि त्याच दिवशी स्टेटसला फोटो होता’ ही शेपटं तिला जोडलेली असतात. खरा सल त्या शेपटातच असतो. लग्नघरात माणसांचा हिशेब रोज होतो. कोण येणार, कुणाला कुठली खोली, हळदीला किती पानं, केटररला किती आकडा द्यायचा. ‘बघते’ म्हटलेलं माणूस त्या यादीत ‘येणार’ या बाजूलाच धरलं जातं, कारण न धरता ते उगवलं तर पंचाईत, आणि मैत्रीण येणार नाही असं कुणाच्या मनातही येत नाही. तुम्हाला वाटतं, मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तिच्या वहीत मात्र तुमच्या नावापुढे खूण झालेली आहे.

तुमच्या बाबतीत ती खूण पैशांतही मोजता येते. तुम्ही तिघी, वाटा आठ हजारांचा, म्हणजे दोन रात्रींची खोली चोवीस हजारांची. तिघींसाठी घेतली म्हणजे बहुतेक दोघींच्या खोलीत तिसरा जादा पलंग टाकून घेतली असणार. आत्ता सांगितलंत तर त्या दोघी जादा पलंगाशिवाय खोली घेतील, त्यांचा वाटा थोडा वाढेल आणि विषय संपेल. नोव्हेंबरअखेर सांगितलंत तर रिसॉर्ट पैसे परत देईलच असं नाही. मग एक तर तुमचे आठ हजार न जाताच जातील, नाहीतर तुमच्या रिकाम्या पलंगाचे पैसे त्या दोघी भरतील. ऐन वेळचा नकार ऐकायला मऊ असतो, पण तो सगळ्यांना महागात पडतो. आईंच्या सल्ल्यात हे नेमकं सुटलंय.

रजेच्या सबबीत आणखीही एक भानगड आहे. सबब सांगितली की समोरचं माणूस ती सोडवायला धावतं. तिचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणूनच धावतं. ‘रजा नाही’ म्हटलंत की ‘मग 4 ला रात्री नीघ, 5 ला सकाळी पोच, 5 ला रात्री परत’ असा उपाय तयार. ‘तिकीट मिळालं नाही’ म्हटलंत की तिचा मामेभाऊ गाडीने येतोय, त्याच्या गाडीत एक जागा आहे. ‘बाबांना एकटं सोडता येत नाही’ म्हटलंत तर ती तुमच्या आईलाच फोन करून विचारेल, काकू, तीन दिवस जमणार नाही का हो? आणि आई त्या फोनवर काय बोलतील याची खात्री तुम्हालाही नाही. प्रत्येक सबबीला उपाय निघत जातो आणि शेवटी तुमच्यापाशी उरतं ते फक्त ‘नाही’, तेही चिडून म्हटलेलं. म्हणून कारण एकच द्यावं आणि ते खरं द्यावं. तीन कारणं दिली की एकही खरं वाटत नाही.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून घ्या. उद्या कुणी तिकीट, खोली आणि लेहेंगा तिन्ही फुकट तुमच्या दारात आणून ठेवलं तर तुम्ही जाल का? उत्तर झटकन ‘हो’ आलं तर अडचण पैशांचीच आहे, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उत्तर अडखळत आलं, म्हणजे तीन दिवस त्या घोळक्यात राहणं नको वाटतंय, किंवा कुणीतरी तिथे येणार आहे ज्याला भेटायचं नाही, तर पैशांमागे लपू नका. कारण तिने पैशांची सोय केली की तुम्ही उघड्या पडाल. अशा वेळी ‘मला जमणार नाहीये’ एवढंच म्हणून कारण न देणंसुद्धा चालतं. मैत्री जुनी असेल तर ती विचारणार नाही, किंवा विचारलंच तर भेटून बोलू म्हणता येतं. तुमच्या पत्रावरून मला पहिला प्रकार वाटतो.

मधला मार्गही तपासून बघा. फक्त लग्नापुरतं जायचं, साध्या स्लीपर डब्याने, लेहेंगा नाही, खोली नाही. आकडा बराच खाली येईल हे खरं. पण रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलात की आवरायला खोली लागतेच, मग ती त्या दोघींचीच. त्या दोघी संगीतच्या गप्पांत, तुम्ही पाहुण्यासारख्या, आणि दुपारच्या जेवणानंतर तुमची स्टेशनची घाई. काहींना हे आवडतं, नुसत्या अक्षता टाकून आले तरी त्यांचं समाधान होतं. तुम्हाला तसं वाटत असेल तर जरूर जा. वाटत नसेल, तर अर्धं जाऊन अर्धा खर्च आणि पूर्ण दमणूक पदरात घेण्यापेक्षा पूर्ण नकार बरा, असं माझं मत.

आता प्रत्यक्ष सांगायचं कसं. ग्रुपवर नाही. ग्रुपवर लिहिलेला नकार आधी बाकीच्या दोघी वाचतात, त्यांतली एक ‘अगं असं काय गं!!!’ लिहिते, रडके चेहरे येतात, आणि नवऱ्यामुलीला स्वतःला जे वाटलं ते वाटायच्या आधी सगळ्यांसमोर काहीतरी लिहावं लागतं. मेसेजही नको, कारण मेसेजमध्ये तुमचा आवाज नसतो. भेटणं सगळ्यांत उत्तम. पण लग्न ठरलेल्या मुलीला भेटायची वेळ ठरवता ठरवता तुमची 4 तारीख उलटून जाईल. फोन करा. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, ती खरेदीला बाहेर पडायच्या आधी. आधी एक ओळ पाठवा, ‘दहा मिनिटं बोलायचंय, कधी करू?’ म्हणजे ती दुकानात उभी असताना तुमचा फोन जाणार नाही.

आणि पहिल्या मिनिटात सांगा. वीस मिनिटं मेहंदी, मेन्यू, सासरची माणसं यांवर बोलून झाल्यावर ‘अगं पण ना...’ असं सुरू केलंत की तिला मागची वीस मिनिटंही खोटी वाटतात. शब्द तुमचेच वापरा, पण साधारण असं काहीतरी :

‘लग्नाबद्दलच बोलायचंय. मी गोव्याला येऊ शकत नाहीये गं. बाबांच्या ऑपरेशनमुळे यंदा पैशांची ओढाताण आहे, एवढा खर्च मला आत्ता झेपणार नाही. यायचं खूप होतं. त्या दोघींची तिकिटं, खोली अडकू नये म्हणून आधीच सांगतेय. आणि मागे ग्रुपवर रजेचं लिहिलं ते सोड, खरं कारण हे आहे.’

यात काय नाही ते पाहा. कर्जाचा आकडा नाही, हप्ता नाही, विमा कंपनीची कहाणी नाही. ओढाताण आहे एवढं पुरतं. तपशील दिलेत की फोन तिच्या लग्नाचा न राहता तुमच्या अडचणीचा होतो आणि तिला धीर देत बसावं लागतं. ‘तुम्ही एवढं लांब लग्न ठेवलंत म्हणून’ हा सूरही नाही. तो शब्दांत नसला तरी आवाजात डोकावतो, तेवढं सांभाळा. गोव्यात लग्न करणं हा तिचा निर्णय आहे, बावीस हजार नसणं ही तुमची परिस्थिती, दोन्हीत कुणाचा गुन्हा नाही. शेवटची ओळ ‘बघते गं’ची भरपाई आहे. ती टाळू नका, कारण नाहीतर ती उद्या विचारेल, मग रजेचं काय झालं?

एवढं बोलून थांबा. थांबणं फार अवघड जातं. तिकडून दोन सेकंद आवाज आला नाही की आपण घाबरून बोलत सुटतो, ‘पण बघू, काहीतरी जमलं तर’ असं म्हणून बसतो आणि नकार परत ‘बघते’ होऊन जातो. तिला गप्प राहू द्या. वाईट वाटायला तिलाही जागा हवी. दुखवायचं नाही याचा अर्थ तिला अजिबात वाईट वाटू नये असा घेऊ नका. जिवलग मैत्रीण लग्नाला नाही म्हटल्यावर जिला काहीच वाटत नाही, तिच्यासाठी तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतंत.

मग ती बहुतेक म्हणेल, ‘वेडी आहेस का? मी भरते तुझे पैसे.’ यासाठी मात्र आधीपासून तयार राहा, कारण तेव्हा सुचत नाही. घेणं चुकीचं नाही. कॉलेजात तुम्ही तिची फी भरली असेल, ती तुमचं काही करू शकते, असं नातं असेल तर आनंदाने हो म्हणा, आणि मग परत परत ‘तुझे पैसे देईन हं’ म्हणून तिला वैताग आणू नका. पण पैसे घेऊन तीन दिवस तुम्ही चोरट्यासारख्या वावरणार असाल, ती ज्याच्या त्याच्यापुढे ‘हिला मी आणलंय’ म्हणेल अशी भीती असेल, तर त्याच फोनवर नाही म्हणा. ‘तू म्हणालीस यातच मला सगळं पोचलं. पण नको, मी मोकळेपणाने नाचू शकणार नाही.’ एकदा म्हणा, हसून म्हणा. ती दुसऱ्यांदा म्हणाली तरी हेच वाक्य, नवं कारण नको.

फोन ठेवण्याआधी तिला विचारा की, त्या दोघींना मी सांगू की तू सांगतेस? आणि त्या दोघींना त्याच दिवशी कळवा, तिकिटासाठी. कारण सांगायचं की नाही ते तुमच्यावर. ‘मला नाही जमत, तिच्याशी बोलणं झालंय’ एवढ्याने त्यांचं भागेल. ग्रुपवर मग एकच ओळ, ‘मी नाचायला नाही, पण गाणी निवडायला आहे.’ तिथे पुन्हा पुन्हा ‘किती मिस करणार मी’ लिहिणं टाळा. प्रत्येक वेळी कुणाला तरी तुमची समजूत काढावी लागते, आणि लग्न तिचं आहे.

काकूंना, म्हणजे तिच्या आईला, वेगळा फोन करा. हे तुमच्या पिढीत राहून जातं. आपल्याकडे मैत्रिणीच्या लग्नाचं आमंत्रण मैत्रिणीचं एकटीचं नसतं, पत्रिका घरच्यांच्या नावाने निघते, कोपऱ्यांना हळदकुंकू त्यांच्या हातचं असतं. कॉलेजच्या वर्षांत त्यांच्या घरी तुम्ही जेवला असाल. त्यांना पैशांचं सांगायची गरज नाही. ‘काकू, बाबांच्या आजारपणामुळे यंदा मला गोव्याला येता येणार नाही. वाईट वाटतंय. मुंबईत काही काम असेल तर मला सांगा, खरेदीला मी आहे.’ बाबांचं आजारपण हेच कारण आहे, त्यात खोटं काही नाही. त्या आग्रह करतील, दोनतीनदा करतील. तो आग्रह म्हणजे हट्ट नव्हे, रीत आहे. त्याला ‘हो ना काकू’ म्हणत राहायचं आणि येते म्हणायचं नाही.

आता माझ्या मते तुमच्या हातातला खरा पत्ता. केळवण करा. लग्नाआधी नवऱ्यामुलीला घरी बोलावून जेवू घालायची ही रीत अशा वेळी किती उपयोगी पडते! ठाण्यात, तुमच्या घरी, तिचा होणारा नवरा मुंबईतच असेल तर त्याच्यासह, आणि त्या दोघी मैत्रिणी. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, साध्या खणाने ओटी. श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, पापड. श्रीखंड विकत आणा, पुऱ्या आईंच्या देखरेखीखाली तुम्ही लाटा. सहासात माणसांचं हे जेवण दोन-अडीच हजारांत होतं. बाबाही त्या पंगतीला बसतील, त्यांच्या पथ्याचं वेगळं वाढा. लग्नात ती तुमच्या वाट्याला येते किती? स्टेजवर रांगेत उभं राहून एक फोटो, संगीतला एक नाच. केळवणात अख्खी दुपार येते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तारीख लवकर पकडा, कारण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि डिसेंबरातल्या नवरीचे नोव्हेंबरचे रविवार आत्या, मामी, शेजारी यांनी आधीच धरलेले असतात. नकाराच्या फोननंतर दोनतीन दिवसांनी विचारा, त्याच फोनवर नको. आणि केळवणाला ‘लग्नाला येत नाही ना, म्हणून’ असं कधी म्हणू नका. ते भरपाईसारखं दिसलं की तिलाही घास गोड लागत नाही. मैत्रीण आहे म्हणून केळवण, बस्स.

आहेराचंही हेच. पैशांची ओढ आहे म्हणून सांगून नंतर अपराधी वाटून चार हजारांची पैठणी पाठवलीत तर तुमचं कारण तुम्हीच खोडलंत. केळवणाच्या वेळी परवडेल ते हातात द्या. मैत्रिणींनी मिळून काही मोठं द्यायचं ठरवलं तर आपला वाटा किती हे स्वतः आधी सांगा, म्हणजे त्या तुमच्या नावावर भलता आकडा धरणार नाहीत.

ती दुखावली आहे हे ओळखायचं कसं? रागावून बोलली तर काळजी नको, बोलून मोकळी झाली. काळजी तेव्हा करायची, जेव्हा ‘ठीक आहे गं, काही हरकत नाही’ इतकंच येतं आणि मग आठवडाभर तुमच्या मेसेजवर नुसता अंगठा. अशा वेळी पुन्हा माफी मागायला जाऊ नका. दुसऱ्यांदा माफी मागितली की तिला दुसऱ्यांदा ‘अगं ठीक आहे’ म्हणावं लागतं. आठवड्याने काहीतरी नेमकं विचारा : रिसेप्शनच्या साडीचं ब्लाउज कुणाकडे टाकलं? दादरला जायचंय का बरोबर? खरेदीच्या एका फेरीत जे निवळतं ते चार लांबलचक मेसेजांनी निवळत नाही. आणि समजा नाहीच निवळलं, लग्न होईपर्यंत ती जरा तुटकच राहिली, तर तिला तेवढं राहू द्या. लग्नाच्या महिन्यात तिच्या डोक्यावर बरंच काही असतं, सगळंच तुमच्यामुळे नसतं.

पुढचे दोनतीन महिने तुमच्या फोटोंवर मात्र लक्ष ठेवा. पैशांचं कारण दिलंय आणि नोव्हेंबरात ऑफिसच्या लोकांबरोबर महाबळेश्वरची सहल झाली, तर ती कंपनीच्या खर्चाने झाली हे फोटोवर लिहिलेलं नसतं. सहलीला जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिला आधी सहज बोलता बोलता सांगून ठेवा.

5 तारखेला सकाळी लवकर एक छोटा निरोप पाठवा, चार ओळींचा. फोन करू नका. त्या दिवशी नवरीचा मोबाइल तिच्या बहिणीच्या पर्समध्ये असतो आणि वाजला तर बहिणीलाच ताप. पूर्वी अशा वेळी तार जायची. ठरावीक शुभेच्छांना क्रमांक असायचे, तारेच्या कागदावर नुसता आकडा लिहायचा की तिकडे अख्खं वाक्य पोचायचं. जुलै 2013 मध्ये तार बंद झाली. ते छापील वाक्य कुणालाच खास आवडायचं नाही, पण लग्नघरात तारा वेगळ्या जपून ठेवायचे आणि न आलेल्यांची आठवण निघायची. तुम्ही छापील वाक्य पाठवू नका. कॉलेजच्या कँटीनमधलं तुमच्या दोघींनाच माहीत असलेलं काहीतरी लिहा. फोन मग सत्यनारायण वगैरे आटोपून ती जरा मोकळी झाली की करा, आणि तेव्हा तिला बोलू द्या. फोटो बघताना ‘अरेरे, मी नव्हते’ हे एकदा म्हणून झालं की पुरे, बाकी वेळ कोण कसं नाचलं ते विचारा. तिला तेच सांगायचं असतं.

*

प्रश्न : माझ्या बालमित्राच्या मुलीचं लग्न आणि माझ्या मेहुणीच्या मुलाचं लग्न एकाच दिवशी आहे. एक साताऱ्यात, एक सोलापुरात. मेहुणीकडे जाणं भाग आहे. मित्राला कसं सांगू? तो चिडका आहे.

उत्तर : घरी जाऊन सांगा आणि कुठे जाणार आहात तेही सांगा. मेहुणीकडचं लग्न लपवण्यात अर्थ नाही, तुमच्या गावात त्याला दोन दिवसांत कळेल. ‘तुझी मुलगी ती माझीच मुलगी’ वगैरे भाषण नको. बालमित्राला ते चालत नाही. आदल्या दिवशी हळदीला किंवा सीमांतपूजनाला जा, अगदी मांडवात खुर्च्या लावायच्या वेळेपासून, आणि रात्री जेवून मगच निघा. निघण्याआधी सातारा-सोलापूर अंतर आणि मुहूर्ताची वेळ यांचा हिशेब पक्का करा, नाहीतर दोन्हीकडून जाल. लग्नाच्या दिवशी घरातून कुणीतरी जायलाच हवं. मुलगा मोठा असेल तर तो आहेर घेऊन सकाळपासून हजर राहू दे. आपल्याकडे घरातला माणूस आला म्हणजे घर आलं असं धरतात, मात्र त्याने जेवणाच्या वेळी तोंड दाखवून पळता कामा नये. त्याला वाढपाला उभं राहायला सांगा. मित्र चिडेल तो तुमच्यासमोर, आदल्या रात्री. चिडू द्या. तो चिडका आहे हे तुम्हाला पहिल्यांदा थोडंच कळतंय.

*

प्रश्न : ऑफिसातली मैत्रीण वाढदिवसाची पार्टी दरवर्षी पबमध्ये देते. मी पीत नाही आणि तो आवाजही सहन होत नाही. दरवर्षी डोकेदुखी सांगून कंटाळले. (पुणे)

उत्तर : यंदा वाढदिवसाच्या आठ दिवस आधी तिला सांगा, ‘पबचा आवाज मला झेपत नाही, मी रात्री येणार नाही. पण दुपारी तुला जेवायला मी नेणार, कुठे ते तू ठरव.’ न पिण्याचा विषय काढू नका. तो काढलात की पिणाऱ्यांना आपल्यावर टीका झाल्यासारखी वाटते आणि ‘अगं, तू ज्यूस घे ना’ असा आग्रह सुरू होतो, ज्यूसला तुमची हरकत नसतानाही. आवाजाला उपाय नसतो, तो कुणी तुमच्यासाठी कमी करणार नाही, म्हणून ते कारण टिकतं. आणि डोकेदुखीचं आता पुरे, कारण पुढच्या वर्षी ती वाढदिवसाआधीच गोळी आणून देईल.